क्षितिज किती दूर असते?

रेल्वे स्थानकाच्या फलाटाच्या टोकास उभ्या असलेल्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची बारीक अक्षरांत नोंदलेली असते. गोंदियापाशी हा आकडा सुमारे तीनशे मीटरांचा आहे. शाळेत क्षितिजाचे सूत्र नुकतेच शिकलेल्या एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने हा आकडा त्या सूत्रात घातला, तर गोंदियाच्या फलाटावरून बासष्ट किलोमीटरांपर्यंतचा प्रदेश दिसला पाहिजे असे उत्तर त्याच्या हाती येईल. आणि डोळ्यांपुढे पाहावे तो मालधक्क्यापलीकडची झाडे आणि घरांची छपरे एवढेच काय ते दिसत असेल. सूत्र खरे आहे, आकडाही खरा आहे, तरीही उत्तर साफ चुकीचे आहे. ही तफावत कोठून आली हे ज्यास नीट उमगले, त्यास या विषयाचे मर्म हाती लागले असे मी समजतो.

प्रथम सूत्राची उपपत्ती पाहू. पृथ्वी हा एक गोल आहे आणि निरीक्षकाचा डोळा त्याच्या पृष्ठभागाहून थोडासा वर आहे. त्या डोळ्यापासून निघालेली दृष्टिरेषा गोलास जेथे केवळ स्पर्श करून पुढे निघून जाते, तेच त्या निरीक्षकाचे क्षितिज होय. वर्तुळाची स्पर्शिका स्पर्शबिंदूतून जाणाऱ्या त्रिज्येस लंब असते. म्हणून पृथ्वीचे केंद्र, स्पर्शबिंदू आणि डोळा या तीन बिंदूंचा एक काटकोन त्रिकोण तयार होतो. त्याचा कर्ण म्हणजे पृथ्वीची त्रिज्या अधिक डोळ्याची उंची, एक बाजू म्हणजे केवळ त्रिज्या, आणि उरलेली बाजू म्हणजे आपणांस हवे असलेले अंतर. कर्णाच्या वर्गातून त्रिज्येचा वर्ग वजा केला की अंतराचा वर्ग उरतो, आणि तो पृथ्वीचा व्यास गुणिले उंची, अधिक उंचीचा वर्ग, इतका भरतो. पृथ्वीच्या व्यासापुढे माणसाची अथवा डोंगराची उंची इतकी क्षुल्लक आहे की तो शेवटचा वर्ग सोडून दिल्याने हिशेबात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. पृथ्वीचा सरासरी व्यास १२,७४२ किलोमीटर धरला आणि उंची मीटरांत मोजली, म्हणजे पुढील सुटसुटीत नियम मिळतो:

क्षितिजाचे अंतर (किलोमीटर) = ३.५७ × √उंची (मीटर)

तोंडी हिशेब करावयाचा असेल तर उंचीस तेराने गुणून वर्गमूळ काढावे. त्यात शेकडा एकापलीकडे चूक राहत नाही. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा डोळा साधारणतः १.६ मीटर उंचीवर असतो, त्याचे क्षितिज साडेचार किलोमीटरांवर येते. शंभर मीटरांच्या टेकडीवरून ते ३५.७ किलोमीटरांवर जाते, आणि टेकडी दोनशे मीटरांची असली तरी ते दुप्पट न होता पन्नासच्या आसपासच थांबते. कारण अंतर दुप्पट व्हावयाचे तर उंची चौपट व्हावी लागते.

आता त्या पिवळ्या पाटीकडे परत वळू. सूत्रातील उंची समुद्रापासून मोजावयाची नसून, ज्या पृष्ठभागावर दृष्टिरेषा टेकणार आहे त्या पृष्ठभागापासून मोजावयाची आहे. गोंदियाभोवतालचा वैनगंगेच्या खोऱ्यातील धानाचा मुलूखही समुद्रापासून जवळजवळ तेवढ्याच उंचीवर पसरलेला असल्यामुळे फलाटावरील माणसास त्या तीनशे मीटरांचा काडीइतकाही लाभ होत नाही. त्याच्या पदरात पडते ती स्वतःच्या डोळ्यांची आणि फार तर फलाटाच्या ओट्याची उंची. मुंबईच्या किनाऱ्यावर या दोन उंची एकच असतात, आणि क्षितिजाची उदाहरणे बहुधा समुद्रकाठाचीच दिली जात असल्यामुळे हा भेद विद्यार्थ्याच्या ध्यानी येत नाही. समुद्र नसलेल्या आपल्या जिल्ह्यात मात्र त्यास पहिल्याच पायरीवर ठेच लागते.

दुसरी अडचण झाडांची. नागझिऱ्यासारख्या अरण्यात झाडांचे शेंडे सर्वत्र बारा मीटरांवर आहेत असे धरले, तर दृष्टीच्या हिशेबापुरता तेथील पृष्ठभाग जमिनीवर नसून त्या शेंड्यांवर असतो. आठ मीटरांच्या मचाणावर बसलेल्या माणसास म्हणून क्षितिजच नाही. सूत्रात घालावयास त्याच्यापाशी उंचीच उरत नाही. उलट शंभर मीटरांच्या टेकडीवरील माणूस त्यातून बारा वजा करून अठ्ठ्याऐंशी मीटर घेतो, आणि त्याचे क्षितिज ३५.७ वरून ३३.५ किलोमीटरांवर येते. जे झाड खालच्या माणसाचे सगळे जग झाकून टाकते, ते वरच्या माणसाचे अवघे दोन किलोमीटर हिरावून घेते.

क्षितिजापलीकडचे काहीच दिसत नाही, असाही समज करून घेणे बरोबर नाही. पलीकडची वस्तू स्वतः उंच असेल तर तिचे स्वतःचे क्षितिज असते. आणि आपले व तिचे क्षितिज जेथे एकमेकांस भिडते, तेथवर तिचे टोक आपणांस दिसते. म्हणून दोन्ही उंचींची अंतरे निरनिराळी काढून त्यांची बेरीज करावी. हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय मोजणीतील अधिकाऱ्यांना ही बेरीज रोजच्या कामात करावी लागे. १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून हे काम सुरू करणारे विल्यम लॅम्ब्टन उत्तरेकडे सरकता सरकता आपल्या विदर्भात येऊन पोहोचले आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे कामावर असतानाच मरण पावले. दख्खनच्या पठारावर त्यांना डोंगरमाथे सापडत गेले. परंतु त्यांचे उत्तराधिकारी जॉर्ज एव्हरेस्ट जेव्हा गंगा-यमुनेच्या दुआबात उतरले, तेव्हा तेथे टेकडी म्हणून नव्हती. सपाट भूमीवर समोरासमोर उभ्या असलेल्या दोन माणसांच्या डोळ्यांची क्षितिजे मिळून नऊ किलोमीटर होतात, आणि मध्ये एखादी आमराई आली की तीही संपतात. म्हणून एव्हरेस्ट यांनी सुमारे पन्नास फुटी पक्के मनोरे बांधविले. पन्नास फूट म्हणजे पंधरा मीटर धरले, तर एका मनोऱ्याचे क्षितिज १३.८ किलोमीटर आणि दोहोंचे मिळून २७.६ किलोमीटर होते. प्रत्यक्षात किरण जमिनीस अगदी घासून जाऊ देणे इष्ट नसते, कारण तापलेल्या भूमीलगतची हवा त्यास डळमळीत करते. म्हणून दोन मनोऱ्यांमधील अंतर ठरविताना या बेरजेतूनही काही सोडून द्यावे लागते.

हवेचा हा गुण आपल्या सूत्रासही लागू आहे. वर जावे तशी हवा विरळ होत जाते, त्यामुळे जवळजवळ आडवा जाणारा प्रकाशकिरण किंचित खाली वाकतो आणि पृथ्वीच्या वक्रतेचा थोडा पाठलाग करतो. सामान्य स्थितीत त्यामुळे क्षितिज सुमारे आठ टक्क्यांनी दूर जाते, आणि ३.५७ च्या जागी ३.८६ हा गुणक घ्यावा लागतो. परंतु हा दुसरा आकडा पहिल्याइतका अढळ नाही. पहिला भूमितीने दिलेला आहे. दुसरा त्या त्या प्रहराच्या हवामानाच्या अधीन आहे.

हे सर्व पडताळून पाहण्यास आपल्या जिल्ह्यात नवेगावबांधच्या तलावाइतकी उत्तम जागा मला दुसरी दिसत नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगितले जाते तो हा जलाशय सुमारे अकरा चौरस किलोमीटर पसरलेला असून सात बहिणी नावाच्या टेकड्यांनी वेढलेला आहे. पाळीवर उभे राहून पाहिल्यास येथे खरे क्षितिज दिसत नाही. पाण्यापासून डोळा सहा मीटर उंचीवर असलेल्या माणसाचे क्षितिज पावणेनऊ किलोमीटरांच्या आसपास पडते, आणि पाणी त्याच्या कितीतरी आधी संपते. जी रेघ आपणांस दिसते ती केवळ समोरच्या काठाची असते. क्षितिजास तलावाच्या आत आणावयाचे तर डोळा खाली न्यावा लागतो.

त्याची रीत अशी. पाण्यावरून तीन किलोमीटरांची सरळ, मोकळी रेषा नकाशावरून निवडावी. पलीकडच्या काठाशी उथळ पाण्यात एक बांबू सरळ रोवून त्यावर पाण्याच्या पातळीपासून वर पंधरा पंधरा सेंटिमीटरांचे तांबडे व पांढरे पट्टे रंगवावेत. अलीकडे तिपाईवर दुर्बीण अशी बसवावी की तिचे भिंग पाण्याहून दहा सेंटिमीटर वर राहील. या उंचीचे क्षितिज १.१३ किलोमीटरांवर येते. बांबूपर्यंत १.८७ किलोमीटर उरतात, त्यास ३.५७ ने भागून वर्ग केला की ०.२७ मीटर मिळतात. म्हणजे बांबूचा सत्तावीस सेंटिमीटरांचा तळ, खालचे जवळजवळ दोन पट्टे, पाण्याच्या फुगवट्याआड गेले पाहिजेत. सामान्य वक्रीभवन धरून ३.८६ हा गुणक घेतला तर एकवीस सेंटिमीटर झाकले जावेत. नंतर दुर्बीण एक मीटर उंचीवर चढवावी. तीन किलोमीटरांवरचे काहीही झाकले न जाण्यास डोळा सुमारे सत्तर सेंटिमीटर वर असला की पुरते. तेव्हा आता सर्व पट्टे तळापर्यंत दिसावयास हवेत. वारा पडलेला असतानाच हा प्रयोग करावा, कारण दहा सेंटिमीटरांवर ठेवलेल्या डोळ्यास हातभर लाटही क्षितिज होऊन बसते.

मोजणी कोणत्या वेळी केली याची नोंद ठेवल्याशिवाय ती निरुपयोगी ठरेल. पौषातील पहाटे तलावाचे पाणी वरच्या हवेपेक्षा उबदार असते. पाण्यालगतची हवा तापलेली व वरची गार, म्हणून किरण खाली वाकण्याऐवजी वर वाकतो, क्षितिज जवळ येते आणि सत्तावीस सेंटिमीटरांहूनही अधिक भाग झाकला जातो. अशा वेळी दिसणाऱ्या सर्वांत खालच्या पट्ट्यांचे उलटे प्रतिबिंब त्यांच्याखाली चिकटलेले आढळते, आणि समोरचा काठ पाण्यापासून सुटून वर उचलल्यासारखा भासतो. ही खूण दिसली की त्या सकाळचा आकडा पृथ्वीच्या त्रिज्येविषयी काही सांगत नाही असे समजावे. वैशाखातील निवांत दुपारी याच्या उलट घडते: पाणी थंड, वरची हवा भाजून काढणारी, म्हणून किरण नेहमीपेक्षा अधिक खाली वाकतो आणि जे पट्टे हिशेबाने बुडावयास हवेत ते वर येतात, क्वचित सगळेच दिसू लागतात. तेवढ्यावरून तलाव सपाट आहे असा निष्कर्ष काढणारा मनुष्य हवेचा दोष पृथ्वीच्या माथी मारीत असतो. पाण्याचे तापमान आणि पाण्यापासून दोन-तीन निरनिराळ्या उंचींवरील हवेचे तापमान टिपून घेतले, तर कोणता आकडा किती विश्वासार्ह मानावा हे ठरविता येते. आणि पाणी व हवा यांची तापमाने जवळजवळ सारखी असण्याची वेळ साधली, तर झाकलेली उंची एकवीस आणि सत्तावीस सेंटिमीटरांच्या दरम्यान सापडण्याची आशा धरण्यास हरकत नाही.