एका निळ्याचे दोन रंग

रशियन भाषेत ‘निळा’ असा एकच सरसकट शब्द नाही. गडद तो सीनी, फिका तो गलुबोय. मराठीत आकाशी हा निळ्याचाच प्रकार. तिथे मात्र हे दोन स्वतंत्र रंग आहेत. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, या सीमेच्या दोन बाजूंच्या छटांमधला फरक रशियन भाषकांनी लवकर ओळखला. इंग्रजी भाषकांत तसे आढळले नाही.

अनुवादकाची खरी कसोटी रशियनमध्ये जाताना लागते. मूळ कथेत नुसते ‘निळे डोळे’ असले, तरी त्याला छटा ठरवावीच लागते. बहुधा रूढ गलुबोय येतो. सीनी म्हटले की डोळे गडद होतात.

मराठीत आणताना बहुतेक ठिकाणी ‘निळा’ पुरतो. दोन्ही शब्द समोरासमोर आले, तरच ‘गडद निळा’ आणि ‘आकाशी’ लिहावे.