थायरॉइडची तपासणी : आधी रक्त द्यायचे की गोळी घ्यायची?

समजा, ४२ वर्षांची एक महिला थायरॉइडचे प्रमाण कमी असल्याने रोज सकाळी लिव्होथायरॉक्सिनची गोळी घेते. गेल्या वेळी तिचा फ्री टी-४ २०.६ होता, या वेळी १.९ आला. शिवाय त्यापुढे ‘हाय’ असा शेरा आहे. हा आकडा घटला की वाढला?

आधी एकक पाहावे. जुना रिपोर्ट pmol/L मध्ये, तर नवा ng/dL मध्ये आहे. पहिल्या आकड्याला १२.८७ ने भागले की दुसरा मिळतो. म्हणजे २०.६ चे झाले १.६. त्यामुळे खरा बदल १.६ वरून १.९ इतकाच आहे. टीएसएचबाबत ही अडचण येत नाही. µIU/mL आणि mIU/L ही एकके वेगळी दिसली, तरी आकडा तोच राहतो.

मग ‘हाय’ का? या लॅबची संदर्भ मर्यादा ०.८ ते १.८ आहे. महिलेने सकाळी सहाला गोळी घेतली आणि नऊला रक्त दिले. गोळीनंतर काही तास रक्तातील फ्री टी-४ तात्पुरता वाढतो. ही वाढ साधारण १५ ते २० टक्के असू शकते. तिचा टीएसएच मात्र २.६, म्हणजे मर्यादेत आहे. टीएसएच आठवड्यांच्या हिशेबाने बदलतो, त्यामुळे त्या सकाळच्या एका गोळीने त्यात फारसा फरक पडत नाही. डोस बदलल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी तपासणी करायला सांगतात, तेही याचमुळे. डोस खरोखरच जास्त झाला असता, तर टीएसएच खाली घसरलेला दिसला असता.

म्हणून फ्री टी-४ तपासायचा असेल, तर आधी रक्त द्यावे आणि त्या दिवशीची गोळी नंतर घ्यावी. गोळी चुकवू मात्र नये.

केवळ थायरॉइडच्या तपासणीसाठी उपाशी राहणे सहसा बंधनकारक नसते. सोबत फास्टिंग शुगर असेल तर ते लागते. मात्र टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. सकाळी आठचा ४.६ आणि दुपारी दोनचा ३.८ यांची तुलना करून ‘सुधारणा झाली’ असे म्हणता येत नाही. दरवेळी शक्यतो तीच लॅब आणि तीच वेळ ठेवावी.

प्रौढांसाठी टीएसएचची मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी छापलेली असते. लॅबनुसार ती थोडी बदलते. गर्भवतींसाठी निकष वेगळे असतात. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या सुरू असतील, तर काही तपासणी पद्धतींत टीएसएच खोटाच कमी आणि टी-४ खोटाच जास्त दिसतो. त्यामुळे ते लॅबला आधी सांगावे.

रिपोर्टच्या कोपऱ्यात रक्त दिल्याची आणि गोळी घेतल्याची वेळ पेनाने लिहून ठेवावी. डोस बदलायचा की नाही, हे ठरवताना डॉक्टरांना तिचा उपयोग होतो.