हात धुणं आणि दूध

(कामामागचं मन : लेखांक सहावा)

मागच्या लेखात आपण मास्लोची गरजांची उतरंड पाहिली. उतरंडीत सर्वांत मोठं मडकं तळाशी असतं आणि त्याच्या आधाराने वरची मडकी उभी राहतात. तसं तळाशी अन्नपाणी, त्यावर सुरक्षितता, मग आपली माणसं, मग मान आणि अगदी वर आपल्यातलं सगळं बळ पणाला लावण्याची ओढ. 1943मध्ये मांडलेल्या या कल्पनेवरून वरिष्ठांनी काढलेलं सोपं सूत्र असं की आधी पोटाचं बघा, मानाचं नंतर. हे सूत्र कुठे चालतं आणि कुठे अडतं, हे या वेळी गडचिरोलीतल्या एका कामावर तपासून पाहू. कारखाना किंवा बँकेऐवजी मी हे काम निवडलं, कारण इथे पैसा कमी आहे, काम जिवावरचं आहे आणि दोन्ही गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येतात.

काम आहे नवजात बाळाच्या घरभेटीचं. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 1990च्या दशकात गडचिरोलीतल्या 39 गावांत गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना त्यासाठी तयार केलं. त्यांना आरोग्यदूत म्हणतात. बाळंतपणाला हजर राहणं, बाळ रडलं नाही तर श्वास सुरू करणं, वजन घेणं, ऊब देणं, जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखणं आणि गरज पडली तर घरीच प्रतिजैविकाचं इंजेक्शन देणं, हे सगळं त्या करत. 1999मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात बालकांचे मृत्यू तिसऱ्या वर्षी 62 टक्क्यांनी घटले होते. पुढे 2011पासून देशभरातल्या आशाताईंकडे अशा घरभेटी सोपवल्या गेल्या.

आता एक उदाहरण कल्पून बघू. धानोरा तालुक्यातल्या एका टोल्यावर बाळ जन्मलं, वजन 1,900 ग्रॅम. तिसऱ्या दिवशी आई-बाळ दवाखान्यातून घरी आली आणि आशाताई पोहोचली. तिने आधी कोपरापर्यंत हात साबणाने धुतले आणि ते हवेत वाळू दिले. काखेत थर्मामीटर धरला. छातीची हालचाल बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त भरले तर धोका. मग बाळाला झोळीत घालून काट्याला टांगलं. सातव्या दिवशी वजन 1,850. आई पाजतेय, पण बाळाची ओढ कमी. आशाताईने दूध काढून वाटी-चमच्याने द्यायला शिकवलं, उघडं पोटाशी धरायला सांगितलं. चौदाव्या दिवशी 1,950. अठ्ठाविसाव्या दिवशी 2,300. त्या दिवशी आजीने काट्यावरचा आकडा आपल्यालाही दाखवायला सांगितलं.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे बेचाळीस दिवसांत अशा सहा भेटी असतात. 2011च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सगळ्यांचा मिळून मोबदला 250 रुपये, म्हणजे एका भेटीला साधारण 42 रुपये. त्यालाही अटी होत्या: वजनाची नोंद, जन्मनोंदणी, लसी आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघं सुखरूप असणं. ही शेवटची अट मला फार खुपते. बाळ दगावलं तर तिने केलेल्या पाच भेटी हिशोबात धरल्याच जात नसत.

उतरंडीच्या सूत्राने पाहिलं तर या बाईचं तळाचं मडकंच अर्धं रिकामं आहे. तिने काट्यावरच्या पन्नास ग्रॅमची काळजी करायलाच नको. पण ती करते. उलट मे महिन्यात सूत्र खरं ठरताना दिसतं. तेंदूपत्त्याचा हंगाम थोडे दिवस चालतो, सत्तर पानांचा एक पुडा बांधायचा आणि फळीवर नेऊन मोजून द्यायचा. पहाटे अख्खं घर जंगलात जातं, तीही जाते आणि सकाळची भेट संध्याकाळवर जाते. म्हणजे तळाची गरज तिला ओढते, पण वरची गरज तिथेच मरत नाही. मास्लोवर अन्याय नको म्हणून सांगायला हवं की त्यानेच लिहून ठेवलंय, खालची गरज शंभर टक्के भागल्यावरच वरची जागी होते असं नाही. बहुतेक माणसांच्या सगळ्याच गरजा थोड्या भागलेल्या आणि थोड्या तशाच असतात. पायऱ्यापायऱ्यांचा तो प्रसिद्ध पिरॅमिडही त्याने काढलेला नाही. नंतरच्या संशोधकांनी हा क्रम तपासला तेव्हा त्याला फारसा आधार मिळाला नाही.

इथे फ्रेडरिक हर्झबर्ग उपयोगी पडतो. 1950च्या दशकात त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे दोनशे अभियंत्यांना आणि हिशेबनिसांना दोन वेगळे प्रश्न विचारले. कामात फार बरं वाटलं तो प्रसंग सांगा. फार वाईट वाटलं तो सांगा. उत्तरं आरशातल्यासारखी उलटसुलट यायला हवी होती. तशी आली नाहीत. बरं वाटल्याच्या प्रसंगांत काही साधल्याचा आनंद, कौतुक, कामातली गोडी, जबाबदारी आणि बढती होती. वाईट वाटल्याच्या प्रसंगांत धोरणं, कारभार, साहेबाची वागणूक, कामाची परिस्थिती आणि पगार. यावरून त्याने सांगितलं की असमाधान नाहीसं होणं आणि समाधान मिळणं या एकाच मोजपट्टीच्या दोन टोकांवरच्या गोष्टी नाहीत, मोजपट्ट्याच दोन आहेत. पहिल्या गटाला त्याने प्रेरक घटक म्हटलं. दुसऱ्याला वैद्यकातला शब्द दिला, स्वच्छता घटक.

हा शब्द आपल्या पुस्तकांत नुसता पाठ होतो. आशाताईच्या भेटीत त्याचा अर्थ डोळ्यांना दिसतो. तिने हात धुतले नाहीत तर बाळाला संसर्ग होऊ शकतो. पण कितीही वेळा धुतले तरी त्याने बाळाचं वजन एका ग्रॅमने वाढत नाही. वजन दुधाने वाढतं. आणि दूध कितीही पाजलं तरी घाणेरड्या हातांचा धोका त्याने जात नाही. मानधन वेळेवर मिळणं, फॉर्मवर सही वेळेत होणं, पावसाळ्यात नाल्यापलीकडे कसं जायचं याची सोय असणं, हे हात धुणं आहे. चौदाव्या दिवशी काटा पुढे सरकला, हे दूध आहे.

असं पाहिलं की एरवी न जुळणाऱ्या दोन घटना जुळतात. मे 2022मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांना जागतिक आरोग्य नेतृत्वाचा सन्मान दिला. त्यानंतर दीड वर्षाच्या आत, ऑक्टोबर 2023मध्ये, महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या. एवढा मान मिळाल्यावर संप कशाला, असं म्हणणारा दुधाने हात धुवायला सांगतोय. मार्च 2024मध्ये राज्याने मानधनात पाच हजारांची वाढ मान्य केली. ती न्याय्य होती आणि उशिरा आली, हे माझं स्पष्ट मत. पण तिने घरभेट चांगली होऊ लागेल अशी अपेक्षा धरणं म्हणजे पुन्हा दोन मोजपट्ट्यांची गल्लत. वाढीने तक्रार थांबते. काट्याकडे बघण्याची ओढ दुसरीकडून येते.

ती ओढ कुठून येते, यासाठी आरोग्यदूत आणि आशाताई शेजारी ठेवून पाहा. मोबदला आरोग्यदूतालाही होता. पण तिचं काम अखंड होतं. बाळ तिने जन्मताना पाहिलं, आजार तिने ओळखला, उपचार तिने केला, बरं झालेलंही तिनेच पाहिलं. आशाताईचं काम तुकड्यांचं आहे. लसीकरणाला मुलं आणायची, सर्वेक्षण करायचं, गोळ्या वाटायच्या, नावनिशी लिहायची. बऱ्याच कामांना वेगळा दर, वेगळी वही. बाळात धोक्याचं लक्षण दिसलं तर तिने पुढे पाठवायचं, आणि पुढे काय झालं ते तिला कळेलच असं नाही. हर्झबर्ग कामाची समृद्धी म्हणतो ती हीच: माणसाला पूर्ण काम द्या, त्याचा निकाल थेट त्याच्याच हाती येऊ द्या. त्याने सावधही केलंय की कामांची संख्या वाढवली म्हणजे काम समृद्ध होत नाही. आशाताईच्या वह्या वाढत गेल्या, काम मात्र तुटत गेलं.

प्रेरक घटक आटल्याची खूण वहीत सापडते. काटा पन्नास-शंभर ग्रॅमचा फरक दाखवतो, आणि वहीत मात्र सगळी बाळं अडीच किलोची नाहीतर तीन किलोची. प्रत्येकाचं वजन दर भेटीला सारख्या मापाने वाढलेलं, पहिल्या आठवड्यात एकाचंही घटलेलं नाही. अशी वही बहुधा घरी बसून भरलेली असते. तिथे मानधन कापून उपयोग नाही. आधी विचारायला हवं की या बाईला शेवटचं कधी कुणी सांगितलं, तिने पाठवलेल्या बाळाचं पुढे काय झालं.

हर्झबर्गलाही मर्यादा आहेत आणि गडचिरोली-चंद्रपुरात त्या चटकन उघड्या पडतात. त्याने विचारलं ते पगारी, सुरक्षित नोकरीतल्या माणसांना. शिवाय माणूस चांगल्याचं श्रेय स्वतःकडे घेतो आणि वाईटाचं खापर साहेबावर फोडतो, त्यामुळे उत्तरं आपोआप दोन गटांत पडतात, हा त्याच्यावरचा जुना आक्षेप आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोब्यात नोव्हेंबर 2021मध्ये व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीत एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. अशा कामात सुरक्षिततेला ‘कामाची परिस्थिती’ म्हणून एका रकान्यात टाकणं मला पटत नाही. तिथे मास्लोचं तळाजवळचं मडकं जास्त खरं बोलतं.

पगाराचंही तसंच. हर्झबर्गच्या स्वतःच्या मुलाखतींत पगार दोन्हीकडे सापडला होता. वाईट प्रसंगांत तो आला तो बहुतेकदा अन्याय झाल्याच्या भावनेसकट, आणि ती सल फार काळ टिकली. चांगल्या प्रसंगांत आला तो कौतुकाच्या सोबतीने. आशाताईच्या बाबतीत हाच धागा महत्त्वाचा. तिला ‘स्वयंसेविका’ म्हणतात आणि देतात त्याला ‘मानधन’. नावातच मान आहे, पण सहा भेटींचे पैसे सहा महिन्यांनी आले तर त्या शब्दातला मान आणि धन दोन्ही एकदमच जातात. पैशाची रक्कम स्वच्छता घटक असेल; पण पैसा कसा, केव्हा आणि कुठल्या नावाने दिला, यात तिची किंमत सांगितली जाते, आणि तो भाग प्रेरक घटकाच्या बाजूला मोजावा लागतो.

म्हणून तालुका पातळीवर बैठक घेणाऱ्याने ‘काही अडचण आहे का?’ एवढंच विचारून थांबू नये. त्या प्रश्नाला नेहमी स्वच्छता घटकच उत्तर म्हणून येतात: सही, पैसे, रस्ता, काटा बिघडलाय. ती यादी निस्तरावी. मग वेगळ्या दिवशी, वेगळा प्रश्न विचारावा: या महिन्यात कुठल्या बाळाकडे गेल्यावर बरं वाटलं? एकाही आशाताईला सांगण्यासारखं बाळ आठवलं नाही, तर मानधन वेळेवर मिळत असूनही काम पोकळ झालंय असं समजावं. बाळं आठवली पण बायकांचे डोळे आधी पैशांच्या यादीकडे वळले, तर उलट दुखणं आहे, आणि तेव्हा कौतुकाची प्रशस्तिपत्रं वाटू नयेत.

पुढच्या आठवड्यात आपण आंध्रातल्या काकिनाड्याला जाऊ. 1960च्या दशकात डेव्हिड मॅक्लेलंडने तिथल्या छोट्या व्यावसायिकांना यशाची भूक शिकवता येते का, हे प्रशिक्षण देऊन तपासलं होतं.