पुस्तकावर साल नसेल तेव्हा

1867 साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा केला. त्या कायद्याने प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण छापणे सक्तीचे झाले, तसेच प्रकाशकाचे नाव आणि ठिकाणही. साल छापण्याची सक्ती मात्र त्यात नव्हती. जुन्या मराठी पोथ्या, आरतीसंग्रह, पाकशास्त्राची आणि घरगुती औषधांची चोपडी हाती घेतली की याचा प्रत्यय येतो. छापखान्याचा पत्ता असतो, किंमत असते, पण पुस्तक कधी निघाले ते कुठेही नसते. प्रबंध लिहिणारा किंवा आपल्या गावाचा इतिहास जुळवणारा माणूस इथे अडतो, कारण संदर्भसूचीत लेखकाच्या नावापाठोपाठ साल लागते.

नियमाचे उत्तर सोपे आहे. एपीए पद्धतीत सालाच्या जागी ‘एन. डी.’ असे लिहितात. मराठी सूचीत ‘प्रकाशनवर्ष नाही’ असे लिहावे. एमएलए पद्धतीत सालाची जागा सोडून दिली तरी चालते. पण हे शब्द शेवटचा उपाय आहेत. त्यांचा अर्थ ‘मुखपृष्ठावर साल दिसले नाही’ एवढाच घेतला जाऊ नये. ‘शोधूनही ठरवता आले नाही’ असा तो असायला हवा. मधला शोध टाळला, तर 1880 चे पुस्तक आणि 1950 चे पुस्तक वाचकाला एकाच रांगेत उभे दिसते, आणि काळावर उभा असलेला सगळा युक्तिवाद डळमळतो.

हा शोध कसा चालतो ते एका कल्पित पुस्तकावर पाहू. समजा, घरगुती औषधांचे एक चोपडे आहे. छपाई पुण्याची, किंमत चार आणे, साल नाही. प्रस्तावनेखाली मात्र ‘माघ शुद्ध 5, शके 1830’ अशी मिती आहे. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकतो, आणि त्या हिशोबाने 1908 येते. ते चूक आहे. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे मार्गशीर्षाच्या उत्तरार्धात किंवा पौषात केव्हातरी इंग्रजी साल बदलते. तिथून फाल्गुनाच्या अखेरीपर्यंतच्या मितीला 79 मिळवावे लागतात. म्हणजे ही मिती जानेवारी 1909 च्या अखेरची. मार्गशीर्ष-पौषातल्या मितीसाठी तर जुने पंचांगच पाहावे लागते. शकासोबत संवत्सराचे नाव असेल तर ते पडताळ्याला फार उपयोगी पडते. शके 1830 ला कीलक संवत्सर येते. पुस्तकात दुसरेच नाव असेल, तर शकाचा आकडा छापताना चुकला असण्याची शंका घ्यावी.

एवढ्यावरून एक टोक पक्के झाले: पुस्तक जानेवारी 1909 च्या आधीचे नाही. आता दुसरे टोक. आतल्या कोऱ्या पानावर कुणी मालकाने सही करून खाली 1912 साल घातले असेल, तर पुस्तक तोवर निघालेले होते. असा पुरावा नसेल तर किंमत बोलते. आण्यांतली किंमत 1957 च्या आधीची, कारण त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये दशमान नाणी आली. ‘नये पैसे’ छापलेले असतील तर 1957 ते 1964 हा काळ. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर 1972 नंतरचे. ‘घरांत’, ‘मुलें’ अशा न उच्चारल्या जाणाऱ्या अनुस्वारांवरून 1962 च्या लेखननियमांच्या आधीचे लेखन ओळखू येते, पण तो पुरावा कच्चा आहे. जुन्या वळणाने लिहिणारे पुढेही बरीच वर्षे होते.

मग बाहेरच्या नोंदी. शं. ग. दाते यांची ‘मराठी ग्रंथसूची’ 1800 ते 1937 या काळातली पुस्तके नोंदवते, आणि पुढचा भाग 1950 पर्यंत येतो. साल न छापलेल्या पुस्तकाच्या शोधात तिच्याइतकी मदत दुसऱ्या कुठल्याच मराठी ग्रंथाने होत नाही, असे माझे मत आहे. शिवाय 1867 च्या त्याच कायद्याने नोंदलेल्या पुस्तकांची यादी दर तिमाहीला सरकारी राजपत्रात यायची, आणि तिच्यात पुस्तक बाहेर पडल्याची तारीख, पृष्ठे, आवृत्ती, प्रतींची संख्या, किंमत हे सगळे असायचे. पुस्तकावर न छापलेले साल असे सरकारदप्तरी सापडू शकते. फक्त नोंदीतली पृष्ठसंख्या आणि किंमत आपल्या हातातल्या प्रतीशी जुळवून पाहावी, कारण इथेच सगळ्यात मोठा धोका आहे. दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत जुनी प्रस्तावना मितीसकट तशीच छापली जाते. चार आण्यांच्या नोंदीसमोर हातात सहा आण्यांची प्रत असेल, तर ते दुसरे मुद्रण समजावे.

आता लिहायचे कसे? पुस्तकावर नसलेली, आपण ठरवलेली गोष्ट चौकोनी कंसात घालण्याची रीत ग्रंथालयांनी रूढ केली आहे. नोंद सापडली आणि जुळली तर [1909], आणि ते कशावरून ठरले ते टिपेत. फक्त प्रस्तावना हाती असेल तर [1909?]; तेच साल बहुधा खरे, पण सिद्ध नाही. प्रस्तावना आणि मालकाची सही, एवढेच असेल तर [1909 ते 1912 दरम्यान]. काळाचा ढोबळ अंदाज असेल तर [सुमारे 1910]. हे चार प्रकार एकमेकांच्या जागी वापरू नयेत. प्रश्नचिन्ह एका विशिष्ट सालाबद्दलची शंका सांगते, ‘सुमारे’ मागेपुढे काही वर्षांची मोकळीक मागते. प्रश्नचिन्ह गाळून नुसते 1909 लिहिले की पुढचा संशोधक ते छापील साल समजून उचलतो, आणि दोन-तीन लेखांनंतर अंदाजाचे तथ्य होऊन बसते.

साल नसण्याचा दुसरा प्रसंग अगदी उलट दिशेचा. लेख नियतकालिकाने स्वीकारला आहे, अंक निघायचा आहे. अशा लेखाला एपीए पद्धतीत सालाऐवजी ‘इन प्रेस’ लिहितात, शिकागो पद्धतीत ‘फॉर्थकमिंग’. मराठीत ‘प्रकाशनाधीन’ हा शब्द चालेल. अंक पुढच्या वर्षी येणार असे संपादकांनी सांगितले, तरी ते साल लिहू नये, अंक लांबतात. आणि हा शब्द लेख स्वीकारल्याचे संपादकांचे पत्र हाती आल्यावरच वापरावा. लेख नुसता पाठवला आहे किंवा परीक्षकांकडे आहे, तर तो अप्रकाशित हस्तलिखित; त्याला नियतकालिकाचे नाव जोडू नये, कारण तो परतही येऊ शकतो. त्या हस्तलिखिताला मात्र साल असते, ते लिहिले गेल्याचे. एकाच लेखकाची अशी बरीच कामे सूचीत असतील, तर एपीएच्या क्रमात साल नसलेली आधी, मग सालवार, आणि प्रकाशनाधीन सर्वांत शेवटी.

बरीच नियतकालिके हल्ली अंकाच्या आधीच लेख संकेतस्थळावर टाकतात आणि त्याला डीओआय क्रमांक देतात. तसे झाले की तो लेख प्रकाशनाधीन राहत नाही. ऑनलाइन आला ते साल घालता येते, आणि अंक निघाला की खंड, पृष्ठांक आणि अंकाचे साल. डिसेंबरात ऑनलाइन आलेला लेख मार्चच्या अंकात छापला गेला तर ही दोन साले वेगळी पडतात, म्हणून प्रबंध छापायला देण्याआधी अशा प्रत्येक नोंदीचा डीओआय पुन्हा उघडून पाहावा.