यादीची कविता (६) : दोऱ्यापाशी संपणारी यादी

होमरच्या जहाजांची यादी आज घेणार होतो, पण ती पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मागचा लेख वाचून सांगलीच्या एका वाचकांनी विचारलं आहे, ‘यादीतल्या दोन वस्तूंची अदलाबदल केली, तर कवितेचं काय बिघडतं?’ या प्रश्नाचं उत्तर ग्युंटर आइश या जर्मन कवीच्या ‘इन्व्हेंटूर’ या कवितेत फार स्वच्छ दिसतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आइश अमेरिकनांच्या कैदेत होता. १९४७ मध्ये छापून आलेल्या या कवितेत एक कैदी आपली मालमत्ता मोजतो. टोपी, कोट आणि दाढीचं सामान यांपासून सुरुवात होते. मग येतो पत्र्याचा डबा. ताट तोच, पेलाही तोच. त्यावर त्यानं खिळ्यानं आपलं नाव कोरलंय, आणि तो खिळा इतरांच्या हावऱ्या नजरांपासून लपवून ठेवलाय. पुढे पावाची पिशवी, अंगाखालचा पुठ्ठा आणि पेन्सिलीचं शिसं. रात्री सुचलेल्या ओळी दिवसा लिहिणारं हे शिसं त्याला सगळ्यात प्रिय आहे.

आता वाचकांची अदलाबदल करून पाहू. शिसं शेवटी नेलं, तर आधीच्या सगळ्या वस्तू त्याच्याकडे चढत जाणाऱ्या पायऱ्या होतात आणि कविता लेखणीच्या विजयाची ठरते. आइशनं शिसं सात कडव्यांतल्या सहाव्यात ठेवलं. सातव्यात वही, तंबूचं कापड, टॉवेल आणि शेवटी दोरा. आवडीचा उच्चार झाल्यावरही मोजणी थांबत नाही. लिहिणं आणि फाटलेलं शिवणं एकाच रांगेत बसतं. दोरा शेवटी असल्यामुळे हा माणूस उद्याही कपडे वापरणार आहे, हे न सांगता कळतं.

गाळलेल्या गोष्टीही तितक्याच बोलतात. पावाच्या पिशवीत पावाचा उल्लेख नाही. आहेत ते लोकरी मोजे, आणि आणखी काही, जे तो कुणालाच सांगत नाही. सगळं मोजून दाखवणारी यादी एक कप्पा उघडपणे बंद ठेवते, आणि कैद्याचं खाजगीपण तेवढ्यात उरतं. घर नाही, बायकोमुलं नाहीत, युद्ध हा शब्द नाही. सोबतचे कैदी आहेत ते फक्त त्या हावऱ्या नजरांपुरते.

पण गाळण्याला दुसरी बाजूही असते. नाझी राजवटीत आइश रेडिओसाठी नियमित लिहीत असे. ‘माझं एवढंच’ म्हणणारी ही यादी त्या वर्षांचा हिशेब मांडत नाही. युद्धानंतर कोऱ्या पाटीवर सुरुवात करणारी कविता म्हणून ती गाजली, आणि पाटी खरंच कोरी होती का, हा वाद तिच्याभोवती आजही आहे. म्हणून यादी वाचताना मी दोन प्रश्न वेगळे ठेवतो : बोलणाऱ्या पात्रानं काय लपवलं, आणि लिहिणाऱ्यानं काय गाळलं? पिशवीतलं गुपित पात्राचं आहे, रेडिओची वर्षं कवीची.

पुढच्या आठवड्यात हेच दोन प्रश्न घेऊन होमरच्या जहाजांकडे जाऊ.