नुसतं ‘फोन तापतो’ लिहून भागत नाही

नवा गेमिंग फोन घेऊन दोन महिने होतात न होतात तोच खेळताना हाताला चटका बसायला लागतो, चित्र अडकायला लागतं आणि माणूस तावातावाने दुकान गाठतो. काउंटरवरचा मुलगा फोन हातात घेतो, पण तोवर तो गार झालेला असतो. “सगळेच फोन तापतात हो,” म्हणत तो परत करतो. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. तक्रारीचं पत्र लिहायचं ते उरलेल्या अर्ध्यासाठी.

गेम चालू असताना प्रोसेसर भरपूर उष्णता निर्माण करतो. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो, त्यामुळे ही उष्णता आतल्या पातळ थरांमधून पसरत बाहेरच्या अंगापर्यंत यावी लागते. ती वेळेत बाहेर पडली नाही, तर जळून जाऊ नये म्हणून प्रोसेसर आपणहून वेग कमी करतो. म्हणजे तापणं आणि अडकणं या बहुतेक वेळा दोन तक्रारी नसतात, एकाच दुखण्याची दोन लक्षणं असतात. पत्रातही ती एकत्रच मांडावीत.

प्रश्न असा, की हे फोनचं नेहमीचं वागणं आहे की तुमच्या हातातल्या नगात दोष आहे? याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे त्याच मॉडेलचा दुसरा फोन. मित्राकडे असेल तर दोन्ही एकाच खोलीत ठेवा. कव्हर काढा, चार्जिंग बंद, एकच गेम, सेटिंग सारखीच. बऱ्याच गेमिंग फोनमध्ये गेम चालू असताना पडद्यावर एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला किती चित्रं उमटतात त्याचा आकडा दाखवायची सोय असते. तो आकडा दिसेल असं स्क्रीन रेकॉर्डिंग करा. दोन्ही फोन सारखेच ढेपाळले, तर दोष तुमच्या नगात नसून मॉडेलमध्येच असण्याची शक्यता जास्त. मग तक्रार खोक्यावर किंवा जाहिरातीत केलेल्या दाव्याला धरून करावी लागते. तुमचाच ढेपाळला, तर पत्राचा कणा तयार झाला.

समजा, अठ्ठावीस हजारांचा फोन आहे. पत्राचा मजकूर असा असू शकतो:

“महोदय, मी आपल्या दुकानातून सोबतच्या बिलाप्रमाणे फोन घेतला. आयएमईआय नंबर बिलावर आहे. खोलीचं तापमान २९ अंश, कव्हर काढलेलं, चार्जर लावलेला नाही, अशा स्थितीत गेम सुरू केल्यावर १५ मिनिटांत एफपीएस ६० वरून २५ पर्यंत उतरतो आणि बॅटरीचं तापमान ४६ अंश दिसतं. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या फोनवर याच स्थितीत एफपीएस ५५ च्या खाली जात नाही. सॉफ्टवेअर अपडेट व फॅक्टरी रीसेट करूनही फरक पडलेला नाही. फोन वॉरंटीत असल्याने तो दोष काढून द्यावा. दोष निघत नसल्यास बदलून द्यावा अथवा रक्कम परत करावी. पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.”

एवढं पुरे. मनस्तापाचं वर्णन, दुकानदाराच्या सचोटीवरचे शेरे यांनी समोरच्याला मूळ मुद्दा सोडून भांडायला जागा मिळते. आयएमईआय बिलाशी जुळतो का, हे फोनवर *#06# दाबून आधी पाहून घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर दुकानाचा शिक्का, सही आणि तारीख घ्या. पोच देत नसतील, तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा.

दुकानदार बहुधा सर्व्हिस सेंटरकडे बोट दाखवेल. जायला हरकत नाही, पण खरी मेख तिथल्या जॉबशीटमध्ये असते. त्यावर नुसतं ‘हीटिंग’ लिहिलं असेल तर सही करू नका. “१५ मिनिटं गेम खेळल्यावर फोन तापून मंदावतो” असं लिहून घ्या. तंत्रज्ञ फोन पाच मिनिटं चालवून बघतो आणि ‘दोष आढळला नाही’ लिहून मोकळा होतो, ही नेहमीची तऱ्हा. लिहिलेलं वाक्य त्याला निदान तेवढा वेळ गेम चालवायला भाग पाडतं. प्रत्येक फेरीची जॉबशीट जपून ठेवा, आणि फोन देण्याआधी फोटो, नंबर यांचा बॅकअप घ्या. मागचं झाकण फुगून वर आलं असेल, तर मात्र चाचण्यांच्या भानगडीत पडू नका. ती बॅटरी धोक्याची असते. फोन बंद करा, चार्जिंगला लावू नका.

उत्तर आलंच नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी फी पडत नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. दुकानदार आणि उत्पादक कंपनी, दोघांनाही विरुद्ध पक्ष करावं, म्हणजे एकमेकांवर ढकलायला वाव राहत नाही. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल, तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्याचं शुल्क मात्र आधी तक्रारदारालाच भरावं लागतं.