दोनच्या खाली न उतरणारी बेरीज

एखादी धन संख्या घ्या आणि तिच्यात तिचीच गुणाकार व्यस्त संख्या मिळवा. 4 घेतले तर 4 अधिक पाव, म्हणजे 4.25. 2 घेतले तर अडीच, आणि अर्धा घेतला तरी अडीचच. 1.1 घेतले तर 2.009 च्या आसपास आणि 1 घेतला तर बरोबर 2. संख्या लहान करावी तर तिची व्यस्त फुगते, मोठी करावी तर ती स्वतःच बेरीज वाढवते. मग ही बेरीज कमीत कमी किती होऊ शकते?

बारावीचा विद्यार्थी इथे लगेच कॅलक्युलसकडे वळतो. x + 1/x चे विकलन करतो, ते शून्य धरतो, x = 1 मिळवतो आणि मग हे उत्तर किमान आहे की कमाल, ते तपासतो. पद्धत बिनचूक आहे. पण हाच प्रश्न नववीच्या बीजगणितातही सुटतो, आणि तोही एका ओळीत. बेरजेतून 2 वजा करून छेद सारखा करायचा:

x + 1/x − 2 = (x − 1)²/x

उजवीकडे अंशात वर्ग आहे. वर्ग कधी ऋण होत नाही आणि छेदातला x तर धनच आहे. म्हणजे बेरीज 2 पेक्षा कमी होणे शक्यच नाही; आणि ती बरोबर 2 होते ती वर्ग शून्य झाल्यावर, म्हणजे फक्त x = 1 असताना. अंकगणिती मध्य भूमिती मध्यापेक्षा कधीच लहान नसतो, या प्रसिद्ध असमानतेचे हे सर्वांत साधे रूप. दोन धन संख्यांचा गुणाकार ठरलेला असेल, तर त्या समान असतानाच त्यांची बेरीज सर्वांत कमी असते. इथे x आणि 1/x यांचा गुणाकार कायम 1 आहे.

या ओळीतून आणखी एक गोष्ट मिळते, आणि ती जास्त मोलाची आहे. बेरीज 2 च्या किती वर गेली, हेही ती नेमके सांगते. x = 1.2 घेतला तर वाढ 0.04 भागिले 1.2, म्हणजे जेमतेम 0.033. संख्या वीस टक्क्यांनी चुकली, तरी बेरीज दोन टक्क्यांनीही वाढली नाही.

व्यवहारात याचा उपयोग होतो. एका वेळी किती माल मागवावा, या प्रश्नाचे सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने 1913 मध्ये मांडले, त्याच्या मुळाशी हीच बेरीज आहे. समजा, एका दुकानात वर्षाला सायकलचे 1200 टायर खपतात. माल मागवण्याचा खर्च प्रत्येक खेपेला 300 रुपये येतो आणि एक टायर वर्षभर सांभाळायला 8 रुपये लागतात. एका खेपेला q टायर मागवले, तर मागवण्याचा वर्षाचा खर्च 360000/q रुपये. दुकानात सरासरी निम्मा माल शिल्लक असतो, म्हणून सांभाळण्याचा खर्च 4q रुपये. दोन्हींचा गुणाकार q काहीही असला तरी 14,40,000 च राहतो. त्याचे वर्गमूळ 1200, म्हणून एकूण खर्च 2400 च्या खाली जात नाही. दोन्ही खर्च 1200 होतात ते q = 300 असताना, म्हणजे वर्षात चार खेपा. दुकानदाराने 300 ऐवजी 360 टायर मागवले, तर खर्च 2440 होतो. वर्षाला अवघे चाळीस रुपये जास्त.

मात्र समानता खरोखर साधता येते का, हे पाहायलाच हवे. पुरवठादार 500 पेक्षा कमी टायर देतच नसेल, तर 2400 हा आकडा खोटा ठरत नाही, पण हाती लागत नाही. 300 च्या पुढे खर्च वाढतच जातो, म्हणून तिथे किमान खर्च 500 टायरवर, 2720 रुपये येतो.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. x² + 1/x हे उदाहरण घ्या. दोन्ही पदे x = 1 असताना समान होतात आणि बेरीज 2 येते, म्हणून घाईत तेच उत्तर लिहिले जाते. पण x = 0.8 घेऊन पाहा: 0.64 अधिक 1.25, म्हणजे 1.89. चूक कुठे झाली? इथे दोन पदांचा गुणाकार x येतो, तो स्थिर नाही. त्यामुळे खालची मर्यादाच x बरोबर सरकत राहते. उपाय म्हणजे 1/x चे दोन समान तुकडे करून तीन पदे घेणे: x², 1/(2x) आणि 1/(2x). आता गुणाकार कायम 1/4 राहतो. तिन्ही पदे समान होतात ती x चा घन अर्धा असताना, म्हणजे x सुमारे 0.794 असताना, आणि किमान बेरीज येते 3 गुणिले 1/4 चे घनमूळ, म्हणजे सुमारे 1.8899.